आयव्हीएफसाठी रजा: कारण सांगायचं नाही, तारखाही ठरलेल्या नाहीत. अर्ज कसा लिहू?

निळी_शाई

बरेच दिवस लिहू की नको करत होते. आमचं पहिलं आयव्हीएफ पुढच्या महिन्यात सुरू होतंय. मी पुण्यात एका खासगी कंपनीच्या अकाउंट्समध्ये आहे, सहा जणांची टीम. जीएसटीचं काम माझ्याकडे, त्यामुळे ११ आणि २० या दोन तारखांना मी जागेवर लागतेच. पाळी साधारण ८ तारखेला येते, कधी दोन-तीन दिवस मागेपुढे.

डॉक्टरांनी सांगितलं की पाळीच्या दुसऱ्या दिवसापासून इंजेक्शनं, मध्ये मध्ये सोनोग्राफी, मग पिकअप, म्हणजे स्त्रीबीजं बाहेर काढणं, आणि पुढे ट्रान्सफर. "नक्की कोणत्या तारखेला?" विचारलं तर म्हणाल्या, तुमचं शरीर जसं साथ देईल तसं. मला ते समजतं. पण साहेबांना काय सांगू? आमच्याकडे रजेच्या अर्जात "पासून" आणि "पर्यंत" भरल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

कारण मला सांगायचं नाहीये. दोन वर्षांपूर्वी एका सहकारी मुलीने सांगितलं होतं. दर महिन्याला कुणीतरी तिच्या टेबलापाशी येऊन हळूच "काही गोड बातमी?" विचारायचं. ती शेवटी जेवायलासुद्धा एकटी बसायला लागली. मला ते नको आहे. खोटंही बोलायचं नाही. तुमच्यापैकी कुणी हे कसं निभावलं?

---

विनय_एचआर

मी बारा वर्षं एचआरमध्ये आहे. काळजी करू नका, मातृत्व लाभाच्या कायद्यात सहा आठवड्यांची पगारी रजा आहे, ती आयव्हीएफलाही लागू होते. शिवाय आजाराचं नाव विचारायचा कंपनीला अधिकार नाही, सर्टिफिकेटही मागता येत नाही. सरळ मेडिकल लीव्ह टाका.

---

परिचारिका_मंदा

विनयजी, ते सहा आठवडे गर्भपात झाला तर मिळतात, आणि त्याचा पुरावा द्यावा लागतो. आयव्हीएफ करतेय म्हणून वेगळी रजा आपल्याकडच्या कायद्यात नाही. काही कंपन्या स्वतःहून देतात, ते त्यांच्या पॉलिसीत बघावं लागतं. आणि सर्टिफिकेट तर बहुतेक ठिकाणी दोन-तीन दिवसांच्या वर रजा गेली की मागतातच.

निळी_शाई, मी अकरा वर्षं एका आयव्हीएफ सेंटरमध्ये को-ऑर्डिनेटर होते. पेशंटना तारखा कळवायचे फोन मीच करायचे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमचंच उदाहरण घेऊ. पाळी ८ ला आली असं धरा. ९ ला सकाळी सोनोग्राफी आणि रक्त, सगळं ठीक असेल तर त्याच दिवशी पहिलं इंजेक्शन. ही इंजेक्शनं रोज एका ठरलेल्या वेळी घरीच घ्यायची असतात, त्यासाठी रजा लागत नाही. पुढची सोनोग्राफी १३-१४ च्या सुमारास, मग एक दिवसाआड: १६, १८. म्हणजे चार-पाच सकाळी उशीर होणार. सेंटर लवकर उघडत असेल तर साडेदहा-अकरापर्यंत ऑफिसला पोचता येतं. १८ ला फॉलिकल, म्हणजे ज्यात बीज वाढतं त्या पिशव्या, १७-१८ मिलिमीटरचे झालेले दिसले तर दुपारी किंवा संध्याकाळी फोन येतो: आज रात्री ट्रिगर. ते इंजेक्शन रात्री साडेदहाला सांगितलं असेल तर साडेदहालाच घ्यायचं, कारण पिकअप त्यानंतर साधारण ३५-३६ तासांनी करतात. म्हणजे २० ला सकाळी दहाच्या आसपास.

बघा, नेमकी तुमची २० तारीख.

पण पाळी ६ ला आली आणि नऊच दिवस इंजेक्शनं लागली तर पिकअप १७ ला. ११ ला आली आणि बारा दिवस लागले तर २५ ला. म्हणून तुमची खरी तारीख म्हणजे "१७ ते २५ मधला एक दिवस". आमच्या पेशंट इथेच चुकायच्या. एक तारीख गृहीत धरून रजा घ्यायच्या, ती हुकली की दुसरा अर्ज, मग तिसरा. तिसऱ्या अर्जाला साहेब विचारणारच, की नक्की चाललंय काय?

तेव्हा अर्जात तारीख देऊ नका. तीन गोष्टी द्या: काळ कोणता, त्यातले दिवस किती, आणि तुम्ही किती आधी कळवणार. तिसरी गोष्ट बायका लिहीत नाहीत, आणि साहेबाला तीच हवी असते. ट्रिगर ठरला की पिकअप पक्का, मध्ये कामाचा एक पूर्ण दिवस हातात असतो. तेवढं वचन तुम्ही निःशंकपणे देऊ शकता. फक्त ट्रिगर शनिवारी रात्री आला तर पिकअप सोमवारी, आणि मधला दिवस रविवार. त्यासाठी "सुट्टी असली तरी मेसेज करीन" एवढं आधीच सांगून ठेवा.

---

गुरुजी_कोरेगाव

ताई, ट्रान्सफर कधी हवी आहे ते लिहिलं नाही. पती-पत्नी एकत्रीकरणाखाली बदली मागितली तर उपचारासाठी वेगळी रजा लागणार नाही, दोघं एकाच गावी असाल.

---

निळी_शाई

गुरुजी, इथे ट्रान्सफर म्हणजे गर्भ आत सोडतात ते. बदली नाही. आम्ही दोघं पुण्यातच आहोत.

---

गुरुजी_कोरेगाव

क्षमस्व, मी घाईत वाचलं. मग आमचाच अनुभव सांगतो, कारण आम्हीही या वाटेने गेलो आहोत. पत्नी जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका. आम्हाला अर्धवेतनी रजा वर्षाला २० दिवस मिळते. वैद्यकीय प्रमाणपत्र जोडलं की तीच परिवर्तित रजा म्हणून पूर्ण पगारी घेता येते, फक्त एका दिवसाला दोन दिवस खात्यातून जातात. तिच्या खात्यात बरीच साठली होती, त्यामुळे पगार कापला गेला नाही.

अडचण वेगळीच झाली. प्रमाणपत्राच्या माथ्यावर मोठ्या अक्षरात "टेस्ट ट्यूब बेबी सेंटर" छापलेलं. कारणाच्या रकान्यात डॉक्टरांनी काहीच लिहिलं नव्हतं, पण लेटरहेडनेच सगळं सांगितलं. तो कागद मुख्याध्यापक, केंद्रप्रमुख, मग पंचायत समितीतला लिपिक असा फिरला. आठ दिवसांनी बाजारात ओळखीच्या एका बाईंनी पत्नीला विचारलं, "झालं का तुमचं ते?" ती घरी येऊन नुसती बसून राहिली. तो दिवस मी विसरणार नाही.

---

परिचारिका_मंदा

गुरुजींनी अगदी मुद्द्याचं लिहिलं. वाईट वाटलं वाचून.

लेटरहेडवर उपाय आहे. बऱ्याच सेंटरना मुख्य हॉस्पिटलचं किंवा डॉक्टरांच्या स्वतःच्या नावाचं साधं लेटरहेडही असतं. पहिल्याच भेटीत विचारा, "ऑफिसला द्यायचं सर्टिफिकेट त्याच्यावर मिळेल का?" आमच्याकडे दर आठवड्याला कुणीतरी विचारायचं, त्यात अवघड वाटण्यासारखं काही नाही. मजकूर एवढाच हवा: अमुक यांच्यावर माझे उपचार चालू आहेत, भूल देऊन डे-केअर प्रक्रिया झाली, अमुक ते अमुक विश्रांती आवश्यक. खाली सही, नोंदणी क्रमांक, तारीख. यातला शब्द न शब्द खरा आहे. डॉक्टरांना टायफॉइड किंवा पाठदुखी असं काहीतरी लिहायला सांगू नका. खोटं सर्टिफिकेट दिलं तर डॉक्टरांवर कारवाई होऊ शकते, आणि उद्या इन्शुरन्सच्या कागदाशी ते जुळलं नाही तर तुम्हीच अडचणीत याल.

इन्शुरन्सवरून आठवलं. कंपनीच्या ग्रुप पॉलिसीत आयव्हीएफचा खर्च मिळत असेल तर क्लेम करायच्या आधी तो कागद कुणाच्या हातातून जातो ते विचारून घ्या. काही ठिकाणी कर्मचारी थेट टीपीएच्या, म्हणजे क्लेम हाताळणाऱ्या संस्थेच्या, पोर्टलवर चढवतात, काही ठिकाणी एचआरला फाइल द्यावी लागते.

---

विनय_एचआर

मंदाताई, सहा आठवड्यांबद्दल तुमचं बरोबर आहे, मी दोन गोष्टी एकत्र केल्या. सर्टिफिकेटचंही जरा घाईत लिहिलं. आमच्याकडेसुद्धा दोन दिवसांच्या वर मागतात. पण निदान लिहा असा आग्रह आम्ही धरत नाही, तेवढं अनुभवाने सांगतो.

आणखी एक. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वर्षाला आठ नैमित्तिक रजा आहेत, पण त्या तिमाहीप्रमाणे जमा होतात. म्हणजे एका तिमाहीत दोनच. सीएलवर सगळं भागेल असं धरू नका. पीएल शिल्लक असेल तर ती वापरा, तिला कारण लागत नाही आणि सर्टिफिकेटही लागत नाही. आजारपणाची रजा टीमच्या कॅलेंडरवर "सिक" अशी दिसत असेल तर तोही विचार करा. पीएल म्हटलं की लोक समजतात गावी गेली असेल.

---

अमोघ_चाकण

नवऱ्याच्या बाजूने लिहितो, कारण ते कुणी लिहीत नाही. पिकअपच्या दिवशी मलाही तिथे असावं लागलं, सॅम्पल त्याच दिवशी द्यायचं असतं. शिवाय भूल दिल्यावर बायकोला एकटीला रिक्षात बसवून पाठवणार का? मी प्लँटमध्ये शिफ्टला. सुपरवायझरला सांगितलं, "बायकोचं छोटं ऑपरेशन आहे, नक्की दिवस आदल्या दिवशी कळेल." त्याने पुढे काही विचारलं नाही. माझ्या जागी येऊ शकेल असा माणूस मात्र मी आधीच ठरवून ठेवला होता, त्याचं नावही दिलं.

सॅम्पल आधी गोठवून ठेवता येतं हे आम्हाला उशिरा कळलं. ज्याला अचानक बाहेरगावी जावं लागतं त्याने ते आधीच करून ठेवावं.

---

रेडिंगची_ओवी

मी इंग्लंडमध्ये असते. इथेही आयव्हीएफसाठी वेगळी रजा कायद्यात नाही, डॉक्टरांच्या इतर अपॉइंटमेंटसारखंच धरतात. पण गर्भ आत सोडला की त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने तुम्ही गरोदर, आणि गरोदर बाईला असलेलं नोकरीचं संरक्षण लागू होतं. ट्रान्सफर यशस्वी झालं नाही तरी ते पुढे दोन आठवडे राहतं. फक्त ऑफिसला माहीत असेल तरच त्याचा खरा उपयोग. म्हणून मी मॅनेजरला सांगितलं, एकटीलाच. तिने कुठेही वाच्यता केली नाही. माझं मत, एका माणसाला सांगावं. सगळं एकटीने वाहू नये.

---

सुमेधा_१९

ओवी, तुझा अनुभव चांगला, पण मी इथे नागपुरात सांगून बसले. साहेब तेव्हा फार समजूतदारपणे बोलले. चार महिन्यांनी नवीन क्लायंट दुसऱ्याला दिला. "तुझ्यावर ताण नको" म्हणाले. माझं ते सायकल तर अयशस्वी झालं होतं, मला काम हवं होतं. एकदा सांगितलेलं परत घेता येत नाही. निळी_शाई, तू नको सांगू.

---

रेडिंगची_ओवी

सुमेधा, समजलं. तुझ्या जागी मीही तेच म्हटलं असतं. तरीही हे माणसावर अवलंबून आहे असंच मला वाटतं.

---

निळी_शाई

सगळ्यांचे मनापासून आभार. मंदाताई, तुमचा हिशोब मी वहीत उतरवून घेतला. तुम्ही सांगितलंत तसा मेल लिहून बघितला आहे. कुठे काही जास्तीचं झालंय का?

"सर, माझ्यावर सध्या वैद्यकीय उपचार चालू आहेत. त्यात भूल देऊन करायची एक छोटी प्रक्रिया आहे. ती १७ ते २५ तारखेदरम्यान होईल. नेमका दिवस डॉक्टर तपासण्यांनंतर ठरवतील. तो ठरला की कामाचा किमान एक पूर्ण दिवस आधी मी कळवीन, मध्ये सुट्टी आली तरी मेसेज करीन. प्रक्रियेचा दिवस आणि दुसरा दिवस अशी दोन दिवसांची रजा लागेल. ७ ते २५ दरम्यान चार-पाच दिवस सकाळी तपासणी असल्याने मी ११ पर्यंत पोचेन आणि संध्याकाळी तेवढा वेळ थांबेन. २० तारखेच्या रिटर्नचं काम मी १६ पर्यंत पूर्ण करून सहकाऱ्याकडे तपासायला देईन, त्यामुळे मी नसले तरी ते वेळेत भरलं जाईल. उपचार खासगी स्वरूपाचे असल्याने याहून अधिक तपशील देत नाही, कृपया समजून घ्यावं."

---

परिचारिका_मंदा

छान लिहिलंय. दोन ठिकाणी हात लावेन.

"दोन दिवसांची रजा" च्या पुढे लिहा, "डॉक्टरांनी सांगितल्यास ती वाढू शकते." बहुतेक जणी पिकअपनंतर एक-दोन दिवसांत कामावर येतात. पण फॉलिकल खूप झाले असतील तर पोट फुगणं, रोज किलोभर वजन वाढणं, लघवी कमी होणं, श्वास लागणं असं होऊ शकतं. तसं झालं तर ऑफिसचा विचार न करता सेंटरला फोन करायचा. अशा वेळी आठवडासुद्धा जातो, आणि तेव्हा आजारी अवस्थेत नवीन अर्ज लिहीत बसणं नको.

दुसरं, सायकल पुढे ढकललं जाऊ शकतं. दुसऱ्या दिवशीच्या सोनोग्राफीत सिस्ट दिसली की कधी कधी डॉक्टर त्या महिन्यात सुरूच करत नाहीत. म्हणून एक ओळ हवी: "वैद्यकीय कारणाने ही प्रक्रिया पुढेही जाऊ शकते." मग तेव्हा "पुढे गेली" एवढंच सांगायचं, का ते सांगायची गरज पडत नाही.

ट्रान्सफर तुम्ही मेलमध्ये घातलं नाही ते बरं केलं. त्याच महिन्यात करतील की गर्भ गोठवून पुढच्या महिन्यात, हे पिकअपपर्यंत कळतच नाही. गोठवलं तर नंतरची तारीख पाच-सहा दिवस आधी समजते, प्रोजेस्टेरॉन सुरू केलं की दिवस मोजायचे. त्याला भूल नसते, अर्धा दिवस पुरतो. एक विचारून बघा: पिकअप २० च्या पुढे जावा म्हणून आधीच्या महिन्यात गोळ्या देऊन पाळी लांबवता येईल का? काही डॉक्टर करतात, काही जणींना ते योग्य नसतं. त्यांनाच ठरवू द्या.

---

मीनलमावशी

आमच्या सुनेला ट्रान्सफरनंतर पंधरा दिवस पलंगावरून उठू दिलं नव्हतं. तू पण निदान तेवढी रजा घे गं. जिने चढू नको. कामापेक्षा बाळ महत्त्वाचं.

---

परिचारिका_मंदा

मावशी, तुमची माया कळते. पण पडून राहिल्याने गर्भ रुजतो असं दिसलेलं नाही, आमचे डॉक्टर दुसऱ्याच दिवसापासून नेहमीची कामं करायला सांगायचे. पंधरा दिवसांची रजा तिला दुसऱ्या फेरीसाठी लागू शकते, ती राखून ठेवलेली बरी.

त्यापेक्षा एक अर्धा दिवस वेगळा काढावा असं मी सांगेन, बीटा एचसीजीच्या, म्हणजे गर्भ राहिला का ते बघायच्या रक्ततपासणीच्या दिवशीचा. रक्त सकाळी देतात, रिपोर्टचा फोन दुपारी किंवा संध्याकाळी येतो. मी किती जणींना फोन केले, मागे ऑफिसचा आवाज यायचा. "एक मिनिट हं" म्हणत त्या जिन्यात जायच्या. मी "आला नाही" म्हणायचे आणि पलीकडून फक्त श्वास ऐकू यायचा. मग हलकेच "बरं, थँक्यू". पाच मिनिटांनी त्यांना मीटिंगला बसायचं असायचं. तो फोन घरी असताना यावा, काही का निघेना.

---

अमोघ_चाकण

बरोबर. आम्ही तो फोन गाडी रस्त्याकडेला लावून घेतला होता.

---

शंकित_वाचक

सगळं ठीक, पण सिस्टीममध्ये "पासून-पर्यंत" भरावं लागतं त्याचं काय? आमच्याकडे मंजूर झालेली रजा रद्द करायची तर एचआरला कारण द्यावं लागतं.

---

विनय_एचआर

मेल आधी पाठवायचा, त्यावर साहेबांचं "ओके" घ्यायचं. सिस्टीममध्ये मात्र ट्रिगर ठरल्यावरच भरायचं. मेलवर मान्यता असेल तर आदल्या दिवशी भरलेली रजा बहुतेक अडत नाही. पण ज्यांच्याकडे सात दिवस आधी भरणं सक्तीचं आहे त्यांनी काय करावं, याचं उत्तर माझ्याकडे नाही.

---

निळी_शाई (तीन आठवड्यांनंतर)

मेल पाठवला होता. साहेबांचं उत्तर एका ओळीत आलं: "नोटेड. २० चं काम कोण बघणार तेवढं नाव दे." नाव दिलं. बाकी काहीही विचारलं नाही. मी दोन दिवस धास्तावून होते आणि त्यांना फक्त तेवढंच हवं होतं.

पाळी १० ला आली. ११ ला सोनोग्राफीत डाव्या बाजूला सिस्ट निघाली. डॉक्टर म्हणाल्या, हा महिना सोडू. घरी येऊन खूप रडले. संध्याकाळी मेल केला, "प्रक्रिया पुढे गेली आहे, या महिन्यात रजा लागणार नाही. नवीन काळ ठरला की कळवते." मंदाताई, ती ओळ आधीच लिहिलेली होती म्हणून हे लिहायला हात धजावला.

लेटरहेडचं विचारलं. रिसेप्शनच्या मुलीने काही न बोलता खणातून डॉक्टरांच्या नावाचं साधं पॅड काढून दाखवलं.

आता पुढचा काळ मार्चअखेरीवर येतोय, आणि तेव्हा आमच्याकडे कुणालाच रजा मिळत नाही. एप्रिलपर्यंत थांबू का, की सिस्ट गेली तर मार्चमध्येच करू? माझं वय ३७ आहे.

---

सुमेधा_१९

मी थांबले होते, एका क्वार्टर क्लोजिंगसाठी. परत तसं करणार नाही. पण हे तू तुझ्या डॉक्टरांना वयासकट विचार, ऑफिसला नंतर.

---

परिचारिका_मंदा

आधी सिस्ट गेली का ते पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी बघू द्या. पाळी कधी आली ते इथे लिहा, आपण पुन्हा दिवस मोजू.